प्रश्नही तिचा, सॉरीही तिचंच

केतकी ठाण्यात राहते. तिचा नवरा नीलेश नोकरीसाठी नाशिकला असतो आणि शनिवार-रविवार घरी येतो. लग्नाला चार वर्षं झाली आहेत. आठवड्याचे पाच दिवस त्यांचा संसार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. ही दोघं मी या लेखासाठी उभी केली आहेत आणि त्यांचे मेसेजही मीच लिहिले आहेत, कारण कोणाच्या घरातलं खासगी बोलणं उचलून छापायचं नसतं. पण त्यातली वाक्यं तुम्हाला अनोळखी वाटणार नाहीत.

सोमवार, ३ तारीख, रात्री ९:१२. नीलेश लिहितो, "शनिवारी नक्की येतो. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच नेईन. तू सुट्टी नको घेऊस." केतकीच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असतं आणि तपासणीला जायचं असतं. केतकी अंगठ्याचं चित्र पाठवते आणि निर्धास्त होते.

शनिवार, ८ तारीख. अपॉइंटमेंट साडेअकराची. सकाळी दहाला बोलणं सुरू होतं.

केतकी: कुठवर आलास? बाबा तयार होऊन बसलेत.

नीलेश: कुठवर म्हणजे? मी नाशिकलाच आहे.

केतकी: अरे, तू येणार होतास ना? नक्की म्हणाला होतास.

नीलेश: नक्की कधी म्हटलं? जमलं तर बघतो म्हटलं होतं.

केतकी: नाही रे, मला चांगलं आठवतंय.

नीलेश: हल्ली तुला काहीही आठवतं. ऑफिसचं टेन्शन घेऊन बसतेस, मग असं होतं.

केतकी: असेल. पण मी सुट्टी नाही घेतलेली. आता बाबांना कोण नेणार?

नीलेश: म्हणजे मी खोटं बोलतोय? आठवडाभर इथे एकटा राबतोय तो कोणासाठी?

केतकी: तसं नाही म्हणाले मी.

नीलेश: नेहमीचंच आहे तुझं. तुझी आईसुद्धा म्हणते, लहानपणापासून हट्टी आहेस.

केतकी: बरं, सॉरी. चिडू नकोस.

या शेवटच्या मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. रविवार कोरा जातो, सोमवारही. मंगळवारी सकाळी नीलेशचा मेसेज येतो, "निघालीस का गं? डबा घेतलास?" आणि पुढे लाल बदाम. केतकीचा जीव भांड्यात पडतो. शनिवारचा विषय ती पुन्हा काढत नाही, कारण आत्ता कुठे सगळं सुरळीत झालेलं असतं.

हे बोलणं पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि एकच गोष्ट शोधा. "आता बाबांना कोण नेणार?" या प्रश्नाचं काय झालं? त्याला उत्तर मिळालं नाही. नकारही मिळाला नाही. तो प्रश्न नाहीसा झाला. सुरुवातीला विषय होता वडिलांचा डोळा, शेवटी विषय झाला केतकीचा स्वभाव. विचारणारी ती, माफी मागणारीही तीच. (बाबांना तिनेच रिक्षाने नेलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ते चॅटमध्ये कुठेच नाही.)

यातला एकेक मेसेज सुटा काढून मैत्रिणीला दाखवला, तर ती म्हणेल, "नवरा-बायकोत एवढं चालायचंच." आणि ते खरंही आहे. "जमलं तर बघतो म्हटलं होतं" असं कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकतं. "राबतोय कोणासाठी" हे थकलेला माणूस बोलून जातो. दोन दिवसांचा अबोला तर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. म्हणूनच हा प्रकार एका स्क्रीनशॉटमध्ये सापडत नाही. तो दिसतो मेसेजच्या माळेत, एक विषय निघाल्यापासून तो संपेपर्यंतच्या वाटेत, आणि तीच वाट पुन्हा पुन्हा चालली जाते तेव्हा.

या प्रकाराला 'गॅसलाइटिंग' म्हणतात. हे नाव पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या 'गॅस लाइट' या १९३८ सालच्या इंग्रजी नाटकावरून आलं. १९४४ साली हॉलिवूडने त्यावर काढलेल्या चित्रपटासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. चित्रपटातला नवरा बायकोच्या वस्तू नाहीशा करतो आणि तूच हरवल्यास म्हणून तिला पटवतो. रात्री तो गुपचूप माळ्यावर जाऊन गॅसचे दिवे लावतो, त्यामुळे खाली तिच्या खोलीतला दिवा मंदावतो. ते तिला दिसत असतं, पण एव्हाना तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडालेला असतो. तो परत येतो कधी, तर बाहेरून आलेला एक पोलीस अधिकारी तिच्या खोलीत उभा राहून तोच दिवा मंदावताना पाहतो तेव्हा. मला या गोष्टीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिला धीराच्या शब्दांची गरज नव्हती. तिने जे पाहिलं ते आणखी कोणीतरी पाहायला हवं होतं.

मेसेजमधून चालणाऱ्या नात्यात तो दुसरा साक्षीदार खिशातच असतो. ३ तारखेचं "नक्की येतो" पाच दिवस वर जाऊन वाचता आलं असतं. मग केतकीने ते का वाचलं नाही? "असेल" असं का लिहिलं?

याचं एक कारण आपल्या स्मरणशक्तीत आहे. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली जॉन पामर यांच्याबरोबर एक प्रयोग केला. त्यांनी लोकांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली आणि गाड्यांचा वेग विचारला. काहींना विचारताना "आपटल्या" या अर्थाचा सौम्य शब्द वापरला, काहींना "चक्काचूर झाल्या" या अर्थाचा जोरकस शब्द. जोरकस शब्द ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने पुन्हा विचारलं तेव्हा त्यांच्यातल्या जास्त लोकांनी फुटलेल्या काचाही पाहिल्याचं सांगितलं. चित्रफितीत काचा नव्हत्याच. अनोळखी माणसाच्या एका शब्दाने पाहिलेलं इतकं हलतं. मग ज्याच्यावर आपला जीव आहे, तो ठामपणे "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणतो, तेव्हा आपण आपल्याच आठवणीला धक्का मारतो.

दुसरं कारण साधं आहे. भांडण चालू असताना जुना मेसेज शोधून दाखवणं म्हणजे वकिली करणं, असं आपल्याला वाटतं. घरच्या माणसाला पुरावा दाखवायचा नसतो, अशी आपली समजूत असते. नीलेश पुढे नेमका याच समजुतीचा आधार घेतो.

१४ तारखेला, शुक्रवारी, केतकीला दिसतं की दोघांच्या जोडखात्यातून ४०,००० रुपये गेले आहेत. ती विचारते. उत्तर येतं, "तुला फोनवर सांगितलं होतं की." आता फोनवरचं बोलणं वर जाऊन वाचता येत नाही. केतकी लिहिते, "मला नाही आठवत." तो लिहितो, "तेच तर म्हणतोय. डॉक्टरला दाखव एकदा." मग, "माझ्या पगाराचा हिशोब मागतेस, मी कधी तुझ्या पगाराचा मागितलाय?" आणि थोड्या वेळाने, "विश्वासच नसेल तर बोलायचं काय?" त्या दिवशी केतकी दोनदा सॉरी म्हणते. पैसे कशाला काढले हे तिला कळत नाही.

२२ तारखेला ती कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर कोल्हापूरला जाणार असते. महिन्याभरापूर्वी नीलेशनेच "जा गं, तुलाही बदल हवा" असं लिहिलेलं असतं. ती गाडीत बसते आणि मेसेज सुरू होतात. "पोचलात का? मजा करा." "मी काय, मेसचं खातोय." "जरा कणकण आहे अंगात, पण तू नको काळजी करू." "फोन नको करूस, मैत्रिणी काय म्हणतील." रात्री साडेअकराला, "झोप येत नाहीये. असो." कुठेही त्याने "परत ये" म्हटलेलं नाही. पण केतकी रविवारी दुपारऐवजी सकाळीच निघते. घरी पोचल्यावर विचारते, "ताप कसा आहे?" तो म्हणतो, "कसला ताप? मी कुठे ताप म्हटलं?"

या तिसऱ्या प्रसंगात दोन वेगळ्या गोष्टी जोडल्या गेल्या आहेत. शनिवारी रात्रीपर्यंत जे चाललं होतं ते अपराधी वाटायला लावणं. इंग्रजीत त्याला गिल्ट ट्रिप म्हणतात. मराठीत आपण "उपकार काढणं", "जिवाला लावून सोडणं" असं काहीबाही म्हणतो, पण नेमका एक शब्द आपल्याकडे नाही. त्यात समोरचा माणूस मागत काहीच नाही. तो आपली अवस्था मांडतो आणि निर्णय तुमच्यावर सोडतो, म्हणजे उद्या तुम्ही म्हणूही शकत नाही की त्याने परत बोलावलं. रविवारचं "मी कुठे ताप म्हटलं" हे मात्र गॅसलाइटिंग. पहिल्यात तुमचं मन वळवलं जातं, दुसऱ्यात तुमचं माहीत असणंच काढून घेतलं जातं. एकाच नात्यात दोन्ही हातात हात घालून चालतात, कारण पहिल्याने जे करून घेतलं त्याची जबाबदारी दुसऱ्याने झटकता येते.

८ तारखेच्या भांडणातल्या वळणाला अभ्यासकांनी नाव दिलं आहे. जेनिफर फ्रीड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ साली 'डार्व्हो' हा शब्द मांडला. आधी नाकारायचं, मग विचारणाऱ्यावर हल्ला करायचा, मग स्वतः बळी व्हायचं आणि विचारणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचं, अशा पायऱ्यांच्या इंग्रजी अद्याक्षरांचा तो शब्द आहे. आपल्या भाषेत यासाठी "कांगावा" आणि "चोराच्या उलट्या बोंबा" केव्हापासूनच आहेत. नीलेशच्या मेसेजवर बोट ठेवून पाहा. "नक्की कधी म्हटलं?" हा नकार. "हल्ली तुला काहीही आठवतं" हा हल्ला. "राबतोय तो कोणासाठी?" इथे तो बळी झाला. जेमतेम चार-पाच मेसेजमध्ये पायऱ्या उतरून झाल्या. "तुझी आईसुद्धा म्हणते" हा वरचा भार, कारण त्या क्षणी आईला विचारून खात्री करणं शक्य नसतं.

आता हे ओळखायचं कसं, तेही भांडणाच्या भरात नव्हे तर शांतपणे. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या माणसाबरोबरचं सगळं बोलणं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढता येतं. चॅटच्या मेनूत `Export chat` असं दिसतं, त्यात फोटो-व्हिडिओ वगळायचे असतील तर `Without media` निवडायचं. प्रत्येक ओळीआधी तारीख, वेळ आणि नाव येतं. फोनच्या पडद्यावर एका वेळी सहा-सात मेसेज दिसतात आणि शेवटचा बदाम आधीचं सगळं झाकून टाकतो. फाइलमध्ये तसं होत नाही. तीन आठवडे सलग वाचता येतात.

वाचताना सगळं वाचू नये, नाहीतर जुन्या जखमा उकरत बसाल. एक विषय धरावा आणि त्याची सुरुवात ते शेवट असा माग काढावा. पहिला प्रश्न काय होता, त्याचं उत्तर कुठे आहे, शेवटच्या मेसेजला विषय काय होता आणि सॉरी कोणी म्हटलं, एवढंच कागदावर लिहावं. केतकीच्या तीन आठवड्यांतले तीन विषय असे मांडले तर कागदावर तीन प्रश्न दिसतात, उत्तराची जागा तीनही वेळा रिकामी, आणि सॉरी फक्त तिचं. पंचवीस भांडणं मोजायची गरज नाही. चार-पाच विषय प्रामाणिकपणे काढले तरी आकार दिसतो किंवा तो नाही हे कळतं.

प्रामाणिकपणे हा शब्द मी जपून वापरते आहे. स्वतःचे मेसेजही त्याच डोळ्याने वाचायला हवेत. केतकीने फाइल वाचली असती तर तिला मागच्या महिन्यातला स्वतःचा मेसेजही दिसला असता, "तू नेहमीच असं करतोस, तुला माझ्या घरच्यांचं काही पडलेलं नाही." तोही टोमणाच होता. आपण सगळेच कधी ना कधी विसरतो, नाकारतो, आवाज चढवतो. शिवाय मजकुरात सूर नसतो. "असो" हा एक शब्द थकून लिहिलेला असतो, दुखावून लिहिलेला असतो किंवा फक्त बोलणं संपवायला लिहिलेला असतो. मध्ये दोन फोन झाले असतील तर ते फाइलमध्ये नसतात. आपल्याला भरून आलेलं असतं तेव्हा आपण हवं तेच निवडून वाचतो. म्हणून एकट्या वाक्यावरून निकाल देऊ नये.

मग खरा फरक कशात? माझ्या मते तो पुरावा समोर आल्यानंतरच्या मेसेजमध्ये असतो. समजा, केतकीने ८ तारखेला वाद न घालता ३ तारखेचा मेसेज उत्तरादाखल ओढून पाठवला असता, बरोबर एवढंच लिहून, "हे बघ, मी यावर विसंबून होते." विसरलेला माणूस काय लिहितो? "अगं हो! डोक्यातून पार गेलं. चुकलं माझं. आता काय करूया, माझा मित्र ठाण्यात आहे, त्याला पाठवू का?" त्याला अपमान वाटेल, तो थोडा कुरकुरेल, पण प्रश्न जागेवर राहील आणि बाबांना कोण नेणार यावर बोलणं येईल.

दुसऱ्या प्रकारचा माणूस पुराव्यावर बोलतच नाही. तो पुरावा दाखवण्यावर बोलतो. "म्हणजे तू माझे मेसेज जपून ठेवतेस?" "नवऱ्याबरोबर वकिलासारखी वागतेस?" "नक्की म्हणजे काय, बोलायची पद्धत असते." विषय पुन्हा केतकीवर येतो. एकदा असं झालं तर रागाच्या भरात झालं म्हणता येईल. तीन वेगवेगळ्या विषयांवर, तीन वेगवेगळ्या दिवशी, शांतपणे दाखवूनही असंच झालं, तर मात्र विसरभोळेपणा हे उत्तर उरत नाही. विसरभोळा माणूस स्वतःच्या सोयीचंही विसरतो. ज्याचं विसरणं दर वेळी त्याच्याच फायद्याचं पडतं, त्याच्याबद्दल सावध व्हायला हवं.

ही पडताळणी एकदा करावी, रोज नव्हे. आणि जिथे समोरच्याचा राग हातघाईवर येतो, वस्तू फेकल्या जातात, दार अडवलं जातं, तिथे ती मुळीच करू नये. तिथे पुरावा त्याला दाखवायचा नसतो, बाहेरच्या विश्वासाच्या माणसाला दाखवायचा असतो.

चॅट हा पक्का साक्षीदार आहे असंही समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. त्याच्याजवळ `Edited` अशी खूण राहते, पण आधी काय लिहिलं होतं ते समोरच्याला दिसत नाही. साधारण दोन दिवसांपर्यंत मेसेज दोघांच्याही फोनमधून काढून टाकता येतो आणि जागेवर `This message was deleted` एवढंच उरतं. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांची लावता येते आणि ती कोणी चालू केली याची ओळ चॅटमध्ये येते. नेमक्या वादाच्या दिवशीचे मेसेज काढलेले दिसले किंवा वाद झाल्यावर ही सोय चालू झाली, तर ती तारीख लिहून ठेवावी. काढलेल्या मेसेजने फार काही सिद्ध होत नाही, टायपिंग चुकलं म्हणूनही लोक मेसेज काढतात. पण माळेत तो कुठे पडला हे महत्त्वाचं.

नवरा-बायकोपुरतंच हे नाही, आणि पुरुषच हे करतात असंही नाही. बायका नवऱ्याशी असं वागतात, भावंडं एकमेकांशी वागतात, मैत्रिणी वागतात. आणि एक नातं असं आहे की ज्याबद्दल लिहिताना माझा हात थोडा थांबतो. ते म्हणजे आई आणि दूर गेलेलं मूल.

पुण्यातली आई न्यू जर्सीतल्या मुलाला लिहिते, "तुझा फोन आला नाही, वाईट वाटलं. रविवारी करशील का?" हे दुःख आहे आणि त्याच्यासोबत एक मागणी आहे. मुलगा हो किंवा नाही म्हणू शकतो. आता हा मेसेज बघा, "कामात असशील. आमची आठवण यायला वेळ कुठे. असू दे. आम्ही आता किती दिवसांचे." यात मागणीच नाही, म्हणून ती पुरीही करता येत नाही. मुलगा फोन करतो, पण त्या अपराधी भावनेला तळ सापडत नाही.

पण प्रत्येक अशा आईला डावपेच करणारी ठरवणं मला मान्य नाही. तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना सरळ मागायची मुभाच नव्हती. "मला हे हवं" म्हणणं म्हणजे हावरटपणा, आणि "माझं काय" म्हणणं म्हणजे सोशिकपणा, असंच त्या शिकल्या. हे तपासायला एक साधा मार्ग आहे आणि त्याला सहा आठवडे पुरतात. मुलाने लिहावं, "आई, दर रविवारी तुझ्या संध्याकाळी सातला फोन करतो," आणि सहाही रविवार तो करावा. आईचे तसे मेसेज हळूहळू कमी झाले, तर ती मागणी होती, फक्त तिला शब्द सापडत नव्हते. आणि फोन नियमित झाल्यावर तक्रार सूनबाईकडे, मग सुट्टीकडे, मग पैशांकडे सरकत राहिली, तर हवा होता तो फोन नव्हता. हवी होती ती मुलाच्या गळ्यातली दोरी. हे कळलं म्हणून नातं तोडायचं नसतं. पण रविवारचा फोन केल्यावर उरलेले सहा दिवस अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, हे तेव्हा मुलाला कळतं.

एक गोष्ट मला काळजीने सांगावीशी वाटते. 'गॅसलाइटिंग' हा शब्द आता सगळीकडे झाला आहे. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने २०२२ साली त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. तेव्हापासून कोणाचं मत पटलं नाही की "तू मला गॅसलाइट करतोयस" म्हणून बोलणं बंद करता येतं. म्हणजे तोच शब्द प्रश्न पळवायला वापरला जातो. नवऱ्याने बायकोला, बायकोने नवऱ्याला हे नाव देण्याआधी वरचा कागद करून पाहावा. मत वेगळं असणं म्हणजे गॅसलाइटिंग नव्हे. "मला तो प्रसंग वेगळा आठवतो" हे म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. "तुला आठवत नाही कारण तुझ्या डोक्यात बिघाड आहे" हे म्हणायचा हक्क मात्र कोणालाही नाही.

कागदावर आकार दिसला, मग काय करायचं? फाइल काढली असेल तर ती दोघांच्या सामायिक ईमेलवर किंवा घरातल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Linked devices` उघडून आपलं खातं आणखी कुठल्या लॅपटॉपवर चालू आहे का ते बघा. कितीतरी घरांत ते चालू असतं आणि माहीतच नसतं. पुढे कधी कोर्टात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोनमधले मेसेज खोडू नका. नुसते स्क्रीनशॉट ठेवून फोन विकून टाकला तर अडचण येते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात गॅसलाइटिंग हा शब्द नाही. पण त्याच्या तिसऱ्या कलमात शाब्दिक आणि भावनिक छळ हा हिंसाचार म्हणून मोजला आहे, आणि त्यात अपमान, हेटाळणी आणि पाणउतारा येतो. हात उगारला नाही म्हणून तक्रार होत नाही, हा समज चुकीचा आहे. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. स्त्री असो की पुरुष, डोक्यात गोंधळ माजला असेल, आपणच वेडे झालो की काय असं वाटत असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं. फोन केल्यावर "माझं गॅसलाइटिंग होतंय" असं म्हणायची गरज नाही. कुठल्या तारखेला तुम्ही काय विचारलंत आणि शेवटी काय झालं, एवढं सांगितलंत तरी चालेल.